काहीतरी सांग ना!

‘गोष्ट सांग’ म्हणून पोर मागे लागलं आणि सांगायला काही सुचत नसलं, की आजी विचारायची, “कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?” पोर म्हणायचं, “सांग.” आजी म्हणायची, “सांग काय म्हणतोस? कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?” पोर चिडून “नको” म्हणालं तरी तेच, “नको काय म्हणतोस? कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?” या गोष्टीला सुरुवात नाही, शेवट नाही आणि मुळात गोष्टच नाही. विषय न देता केलेल्या मागणीला मराठी घरांनी शोधलेली ही सगळ्यांत हुशार पळवाट असावी.

मोठ्यांच्या जगात ही पळवाट चालत नाही, मागणी मात्र तीच राहते. फोनवर इकडचं-तिकडचं संपलं की पलीकडून येतं, “बरं, अजून काय? काहीतरी सांग ना.” लांबच्या प्रवासात शेजारी बसलेला चुलतभाऊ म्हणतो, “तू एवढं वाचतोस, काहीतरी भारी सांग बघू.” आणि भारी सांगणारा माणूस नेमका त्याच क्षणी गप्प होतो. तासाभरापूर्वी ऑफिसात अखंड बोलणाऱ्याला आता एक वाक्य सापडत नाही. मग तीनपैकी एक उत्तर येतं. “काही विशेष नाही,” हे पहिलं. “कशाबद्दल सांगू?” हे दुसरं. ते नम्र वाटतं, पण समोरच्याने आपल्यावर टाकलेलं निवडीचं काम हे उत्तर त्याच्याकडेच परत पाठवतं. तिसरं उत्तर म्हणजे सकाळी मोबाईलवर आलेली, कोणी लिहिली याचा पत्ता नसलेली एखादी ‘थक्क करणारी माहिती’.

डोकं रिकामं होतं याचं कारण त्यात काही नसतं, असं नाही. आठवण खुणेवर चालते. एखादा वास, नाव किंवा जागा मिळाली की तिला लागून असलेलं बाहेर येतं. खूण नसली की शोध कुठून सुरू करायचा हेच ठरत नाही. हे घरच्या घरी करून पाहता येतं. एकाला पंधरा सेकंदांत पांढऱ्या वस्तूंची नावं सांगायला लावा. नंतर दुसऱ्याला तेवढ्याच वेळात फक्त फ्रिजमधल्या पांढऱ्या वस्तू सांगायला लावा. जगात पांढऱ्या वस्तू अगणित आहेत आणि फ्रिजमध्ये दूध, दही, लोणी, अंडी, खोबरं अशा मोजक्याच. तरीही फ्रिजवाला बहुधा मागे पडत नाही, आणि त्याला आठवायला त्रासही कमी होतो. चिप आणि डॅन हीथ या भावांनी कल्पना लोकांच्या लक्षात कशा राहतात यावरच्या आपल्या 2007 च्या पुस्तकात हा खेळ वापरला आहे.

म्हणून ‘काहीतरी सांग’ असं कोणी म्हटलं की पहिली पायरी म्हणजे आपणच आपल्याला एक फ्रिज नेमून देणं. अख्ख्या जगातलं सर्वांत आश्चर्यकारक काय, हा प्रश्न सोडून द्यायचा. समोर ताट आहे, खिडकीबाहेर घाट आहे, हातात दहाची नोट आहे, एवढ्यातच शोधायचं.

जवळचंच निवडण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्या अंदाजाच्या नेमकं उलट जाणारं आहे. आपल्याला वाटतं, समोरच्याने कधीच न ऐकलेलं, न पाहिलेलं सांगितलं की तो खूश होईल. गस कूनी, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2017 मध्ये याची परीक्षा घेतली. एकाने एक चित्रफीत पाहायची आणि तिच्याबद्दल इतरांना सांगायचं. काही ऐकणाऱ्यांनी तीच चित्रफीत आधी पाहिलेली होती, काहींनी वेगळीच. सांगणाऱ्यांची खात्री होती की ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांनाच आपलं बोलणं जास्त आवडेल. झालं उलटं. ज्यांना ती माहीत होती, त्यांनीच ऐकण्याचा आनंद जास्त घेतला. कारण साधं आहे. बोलताना आपण पुष्कळ तपशील गाळतो. ऐकणाऱ्याने ती गोष्ट पाहिलेली असेल तर या मोकळ्या जागा तो स्वतः भरतो. नसेल तर त्याच्या हाती नुसते तुकडे येतात. युरोप फिरून आलेल्यांचे फोटो पाहताना पाहुणे घड्याळाकडे का बघतात, त्याचाही बराच उलगडा यातून होतो.

पण नुसतं ओळखीचं सांगितलं तर “हे मला माहीत आहे” म्हणून विषय संपेल. इथे दुसरा एक शोध उपयोगी पडतो. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेत काही विद्यार्थ्यांना सामान्यज्ञानाचे 40 प्रश्न दाखवले. प्रत्येक प्रश्नाबाबत दोन गोष्टी विचारल्या : उत्तर येतं याची खात्री किती, आणि उत्तर जाणून घ्यायची उत्सुकता किती. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं ते असं. जिथे विद्यार्थ्यांना काहीच अंदाज नव्हता तिथे उत्सुकता कमी, जिथे पक्की खात्री होती तिथेही कमी, आणि जिथे ‘बहुतेक येतं मला’ अशी अर्धवट खात्री होती तिथे सगळ्यांत जास्त. जॉर्ज लोवेन्स्टाईन यांनी 1994 मध्येच मांडलं होतं की आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही यांच्यामधली फट दिसली की माणूस अस्वस्थ होतो. त्या फटीचं अस्तित्वच लक्षात आलं नाही, तर उत्सुकतेचा प्रश्नच उरत नाही.

थोडक्यात, अशी गोष्ट हवी जी समोरच्याला रोजची आहे, जिच्याबद्दल त्याला ठाम मत आहे, आणि जिच्यात एक फट आहे.

असं एक उदाहरण महाराष्ट्राच्या जवळपास प्रत्येक घरात वर्षातून अनेकदा ताटात येतं.

समजा, आषाढी एकादशीची दुपार आहे. मामाच्या घरी भाची आली आहे. साबुदाण्याची खिचडी वाढून झाली आहे, कडेला बटाट्याची भाजी आणि राजगिऱ्याचा लाडू. भाची म्हणते, “मामा, कंटाळा आला. काहीतरी सांग ना.”

मामा लगेच माहिती सांगायला सुरुवात करत नाही. तो विचारतो, “या ताटातलं सगळ्यांत जुनं काय? म्हणजे ज्ञानेश्वरांच्या वेळी यातलं काय काय मिळत असेल?”

भाची विचार करते. उपवास जुना, म्हणजे उपवासाचं सगळंच जुनं. “सगळंच की!” ती म्हणते. मग थोडी थांबून, “बटाटा नसेल. बटाटा परदेशी आहे, शाळेत होतं.”

आता ती अर्धवट खात्रीच्या जागी उभी आहे. मामा खिचडीतलं एकेक चमच्यावर घेतो. हिरवी मिरची : मूळ मेक्सिकोच्या भागातली. शेंगदाणा : दक्षिण अमेरिकेतला, बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनाच्या पट्ट्यातला. बटाटा पेरूच्या बाजूच्या अँडीज पर्वतातला. साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो कसावा ॲमेझॉनच्या खोऱ्याकडचा. कोलंबस 1492 मध्ये अमेरिकेला पोहोचला, वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला उतरला, आणि त्यानंतर पोर्तुगीजांच्या जहाजांतून आणि व्यापाऱ्यांच्या हातांतून ही पिकं या किनाऱ्यावर येऊ लागली. ज्ञानेश्वरी त्याच्या दोनशे वर्षं आधीची, 1290 ची.

“मग राहिलं काय?” भाची विचारते.

“तूप. मीठ. आणि तुमच्याकडे चालत असेल तर जिरं.”

इथे मामाने थांबायला हवं, आणि अनुभवी सांगणारा थांबतोच. पुढचं न मागता सांगितलं की आश्चर्याचं व्याख्यान होतं. समोरच्याने “हो का?” म्हणून मोबाईल उचलला तर गोष्ट तिथे संपली, आणि संपू द्यावी. त्याने प्रश्न विचारला तरच पुढे जायचं. “मग तेव्हा उपवासाला खात काय होते?” असा प्रश्न आला, तर निवड बरोबर होती.

या प्रश्नाचं उत्तरही त्याच स्वयंपाकघरात आहे. वरी, म्हणजे भगर, इथलंच जुनं भरडधान्य आहे. शिंगाडाही इथलाच. म्हणजे भगर आणि दाण्याची आमटी हा उपवासाचा बेत अर्धा देशी आणि अर्धा दक्षिण अमेरिकी आहे, आणि तो खाताना कोणालाही त्यात विसंगती वाटत नाही. उपवासाला गहू, तांदूळ, डाळी चालत नाहीत, बटाटा-रताळी चालतात. अमेरिकेतून आलेल्या पिकांची नावं जुन्या निषेधाच्या याद्यांमध्ये असणं शक्यच नव्हतं, तेव्हा ती सहज आत शिरली असावीत, असा तर्क करता येतो. तो तर्क आहे, पुरावा नव्हे, हे मामाने सांगावं. त्याने गोष्टीची गोडी कमी होत नाही.

खरा धक्का मात्र लाडवात आहे. राजगिरा तर पूर्णपणे आपला वाटतो. नावातच राजा आहे, रूप अगदी गावरान. भारतात दाण्यासाठी पिकवला जाणारा मुख्य राजगिरा मूळचा मेक्सिकोचा आहे. तिथल्या ॲझ्टेक लोकांसाठी तो मक्याबरोबरच महत्त्वाचं धान्य होता आणि देवाचंही धान्य होता. राजगिऱ्याच्या पिठाची देवाची मूर्ती करायची, तिची पूजा करायची आणि मग तिचे तुकडे वाटून खायचे, असा त्यांचा विधी सोळाव्या शतकात तिथे राहिलेल्या बेर्नार्दिनो दे साहागुन या स्पॅनिश धर्मगुरूने नोंदवून ठेवला आहे. स्पॅनिश पाद्र्यांना यात आपल्याच पवित्र भोजनाची विकृत नक्कल दिसली आणि त्यांनी हे विधी मोडून काढले. धान्य मात्र टिकलं. आजही मेक्सिकोच्या रस्त्यांवर लाह्या केलेला राजगिरा मधात किंवा गुळासारख्या पाकात घोळवून वड्या विकतात. स्पॅनिशमध्ये त्यांना ‘आलेग्रिया’ म्हणतात, म्हणजे आनंद. ती वडी आणि आपल्याकडची राजगिऱ्याची चिक्की शेजारी ठेवली तर कोणती कुठली हे ओळखताना मेक्सिकोचा माणूसही गोंधळेल आणि पंढरपूरचाही.

या सगळ्या सांगण्यात क्रमाला फार महत्त्व आहे. “मेक्सिकोत ॲझ्टेक नावाचे लोक होते,” अशी सुरुवात केली असती तर भाचीने दुसऱ्या वाक्याला जांभई दिली असती. माहिती तीच, पण तिला टेकायला जागा मिळाली नसती. ताट आधी, अंदाज मग, मोडतोड त्यानंतर आणि ॲझ्टेक शेवटी. आणि अंदाज तिने मोठ्याने बोलून दाखवायला हवा. मनातल्या मनात चुकलेला माणूस “मला वाटलंच होतं” म्हणून मोकळा होतो. तोंडाने बोललेला अंदाज त्याच्या नावावर राहतो.

संभाषणाच्या अभ्यासातला एक बारकावा इथे लागू पडतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ हार्वी सॅक्स यांनी 1960 च्या दशकात साध्या माणसांच्या ध्वनिमुद्रित गप्पा तपासायला सुरुवात केली. त्यांच्या लक्षात आलं की गप्पांमध्ये बोलण्याची पाळी सतत बदलत असते. त्यामुळे लांब काही सांगायचं असेल तर माणूस आधी परवानगी काढतो : “काल काय झालं माहितीये?” समोरचा “काय?” म्हणाला की पुढची काही वाक्यं त्याची. ‘काहीतरी सांग’ या मागणीत ती परवानगी आधीच दिलेली असते. म्हणून “मी तुला एक खूप इंटरेस्टिंग गोष्ट सांगतो, ऐकून तू उडशीलच,” ही प्रस्तावना अनावश्यक आणि वर धोक्याची. ती अपेक्षा इतकी चढवते की नंतर काहीही फिकं पडतं. थेट ताटावर यावं.

पण परवानगी आधीच मिळालेली असते म्हणूनच जबाबदारीही वाढते. समोरच्याने विषय दिलेला नाही, म्हणजे तपासायची त्याची तयारीही नाही. जे मिळेल ते तो खरं धरून चालणार आणि उद्या दुसऱ्याला सांगणार. खोट्या आश्चर्यांचं पीक याच जमिनीत येतं. ‘युनेस्कोने जन गण मन हे जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं’ हा निरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे. युनेस्कोने असं काही जाहीर केलेलं नाही. ‘नासाने संस्कृतला संगणकासाठी सर्वोत्तम भाषा ठरवलं’ हाही त्याचाच भाऊ. त्यामागे खऱ्याचा एक कण आहे. नासाशी संबंधित संशोधक रिक ब्रिग्ज यांनी 1985 मध्ये एका नियतकालिकात संस्कृत व्याकरणपरंपरा आणि संगणकात ज्ञान कसं मांडावं यावर लेख लिहिला होता. एका माणसाचा लेख आणि एका संस्थेचा निर्णय यांत जे अंतर आहे, ते फॉरवर्ड होता होता गळून पडलं.

खोट्या आश्चर्याची ठेवण ओळखता येते. त्यात मोठ्या संस्थेचं नाव असतं, ‘जगातलं पहिलं’ किंवा ‘सर्वोत्तम’ असतं, साल नसतं, कोणी कुठे म्हटलं हे नसतं, आणि ऐकणाऱ्याची छाती फुगते. यातली तीन लक्षणं एकत्र दिसली तर ती गोष्ट खिशातच ठेवावी. खऱ्या आश्चर्याला बहुधा एखादा ‘पण’ चिकटलेला असतो.

मामाच्या गोष्टीलाही असा ‘पण’ आहे, आणि तो साबुदाण्यात आहे. साबुदाणा म्हणजे कसावाच, असं सरसकट म्हणता येत नाही. मूळ सागो हा आग्नेय आशियातल्या सागो ताडाच्या खोडातल्या गराचा असतो, आणि अमेरिकेशी त्या ताडाचा काही संबंध नाही. भारतात पूर्वी सागो तिकडून, मलायाच्या बाजूने येत असे. केरळात कसावा रुजला तो त्रावणकोरचे राजे विशाखम तिरुनाळ यांनी 1880 च्या दशकात त्याच्या लागवडीला उत्तेजन दिल्यामुळे. दुसऱ्या महायुद्धात आयात अडली आणि 1940 च्या दशकात तमिळनाडूतल्या सेलमच्या परिसरात कसावापासून साबुदाणा बनवण्याचा धंदा उभा राहिला. आज आपल्याकडच्या बाजारात येणारा साबुदाणा मुख्यतः तिथलाच.

तो बनतो कसा, हेही सांगण्यासारखं आहे, कारण ती पांढरी गोळी एखाद्या झाडाचं बी आहे असं समजणारे पुष्कळ आहेत. कसावाचे कंद सोलून, धुऊन, किसल्यासारखे बारीक दळतात. पाण्याबरोबर गाळलं की दुधासारखं पाणी निघतं. ते टाक्यांत ठेवलं की स्टार्च तळाशी बसतो. हा ओलसर स्टार्च फोडून, हलवून, घोळवून त्याच्या गोळ्या बनवतात, चाळणीने आकार निवडतात, तापलेल्या कढईत थोड्या भाजतात आणि उन्हात वाळवतात. भाजताना गोळीचा बाहेरचा थर अर्धवट शिजतो, म्हणून खिचडीत ती विरघळत नाही, आणि पाणी जास्त झालं की खिचडीचा गोळा होतो.

मिरचीबाबत शंका घेणाऱ्यालाही उत्तर देता येतं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात स्वयंपाकाचं सविस्तर वर्णन आहे. त्यात वडे आहेत, इडलीसारखे प्रकार आहेत, तऱ्हेतऱ्हेचं मांस आहे, आणि तिखटपणासाठी मिरी, आलं, हिंग आहे. मिरची नाही. खाण्यापिण्याच्या एवढ्या शौकीन राजाच्या ग्रंथात ती नसावी, हा बऱ्यापैकी भक्कम पुरावा आहे. के. टी. अचया यांनी भारतीय अन्नाच्या इतिहासात अशाच नोंदी तपासून कोणतं पीक केव्हा आलं याचा माग काढला आहे.

आता एक अडचण. ‘काहीतरी सांग’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला माहिती हवी असते, असं मुळीच नाही. रात्री साडेदहाला वसतिगृहातून फोन करणारा मुलगा आईला “काहीतरी सांग ना” म्हणतो, तेव्हा त्याला ॲझ्टेक नको असतात. त्याला शेजारच्या काकूंचं मांजर परत आलं का, बाबांनी आज पुन्हा चावी विसरली का, हे हवं असतं. तिथेही वरचा नियमच लागू होतो, फक्त जास्त खोलवर : त्याच्या ओळखीचं जग, आणि त्यात त्याला माहीत नसलेली एक छोटी घडामोड. “सगळं ठीक आहे” हे उत्तर तिथे सगळ्यांत निरुपयोगी, कारण त्यात फट नाही. “आज बाबांनी चहात मीठ टाकलं” हे उत्तम.

फरक ओळखायचा कसा? वेळ आणि आवाज बहुतेक सांगून जातात. कंटाळलेल्या माणसाचा ‘काहीतरी सांग’ उतावीळ असतो, एकट्या पडलेल्याचा लांबट. आणि चुकून मेक्सिकोपासून सुरुवात केलीच, तर पलीकडच्या “हं” वरून दोन वाक्यांत कळतं. मग मुकाट्याने काकूंच्या मांजरावर यावं.

पुढच्या एकादशीला कोणी विचारलंच, तर साबुदाण्याचं पाकीट हाताशी असू द्या. मागच्या बाजूला घटक छापलेले असतात. तिथे बहुधा ‘टॅपिओका’ हा शब्द सापडेल. तो कसावाच्या स्टार्चचाच.